पुसट टिपणातला एक आकडा

प्रश्न : गुरुजी, आजोबांच्या ट्रंकेत शेताचा जुना नकाशा सापडलाय. घड्यांवर फाटलाय, शाई पार पिवळी पडलीय, अक्षर मोडी आहे आणि आकड्यांच्या मध्ये उभ्या रेघा आहेत. शेजाऱ्याशी बांधावरून वाद चाललाय. हा कागद वाचता येईल का? आणि वाचला तर बांध कुठे होता ते कळेल का?

उत्तर : बहुतेक वाचता येईल. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, मोडी आजोबांकडून शिकलो आणि निवृत्तीनंतर बेळगावकडच्या खानापूर भागातल्या लोकांचे असे कागद वाचून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, की पुसट आकडा भिंगाखाली डोळे फोडून क्वचितच सापडतो. तो बहुतेक वेळा हिशोबातून सापडतो. हे कसं, ते एका कागदाच्या गोष्टीतूनच सांगतो, कारण तुमचा कागद त्याच जातीचा दिसतो. त्या कागदाने मला एकदा चुकवलंही होतं.

२०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात एका गावच्या ओढ्याने काठ खाल्ला आणि एका शेताच्या कोपऱ्याचा हद्दीचा दगड नाहीसा झाला. शेत तात्यांचं, पलीकडचं अप्पांचं. दोघांचे आजोबा एका ताटात जेवलेले. पण दगड गेल्यावर दुसऱ्याच हंगामात तोंडं फिरली. तात्यांच्या घरी एक कागद होता, कुठल्यातरी जुन्या खटल्यासाठी आजोबांनी काढलेली टिपणाची नक्कल. तो घेऊन दोन्ही घरची माणसं एका रविवारी माझ्या ओसरीवर आली. एकत्र आली हे मला फार बरं वाटलं. एकाच बाजूचा माणूस कागद घेऊन आला, की मी दुसऱ्याला बोलावून आण म्हणतो.

अप्पांचा मुलगा बेळगावात नोकरीला. त्याने मोबाइलवर गावचा नकाशा काढून उपग्रहाच्या चित्रावर बसवला होता. "गुरुजी, बघा की, बांध इथनं जातोय." त्याची खटपट खरी होती, पण गावनकाशा या कामाचा नसतो. मुंबई इलाख्यातल्या मोजणीचे आपल्याकडचे गावनकाशे साधारणपणे एका मैलाला आठ इंच या मापाचे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर, सव्वीस फूट. नकाशावरची रेघच जिथे अर्धा मिलिमीटर जाड, तिथे तेरा फूट त्या रेघेतच गेले. कुठला नंबर, म्हणजे कुठल्या सर्व्हे नंबराचं शेत, कुणाच्या शेजारी आणि ओढा कुणीकडून येतो हे गावनकाशा सांगतो. बांध सांगतं ते टिपण.

टिपण म्हणजे मोजणीदाराने शेतात उभं राहून केलेली नोंद. त्यातलं चित्र मापाने काढलेलं नसतं, म्हणून त्यावर पट्टी लावून काहीच मिळत नाही. सगळा अर्थ लिहिलेल्या आकड्यांत असतो. पद्धत अशी : शेताच्या एका दगडापासून समोरच्या दगडापर्यंत साखळी टाकून एक सरळ रेघ धरायची, तिला पाया म्हणू. मग पायावरून चालत जायचं आणि डावीउजवीकडचा कोपरा जिथे बरोबर काटकोनात येतो तिथे थांबून त्या कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. दर कोपऱ्याचे दोनच आकडे : पायावर किती चाललो, आणि बाजूला किती गेलो.

ही साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. म्हणून एक आणा दोन फुटांहून थोडा जास्त. आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे बरोबर एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे : साखळ्यांना साखळ्यांनी गुणलं, की उत्तर थेट गुंठ्यांत येतं.

आता त्या उभ्या रेघा. अप्पांच्या मुलाने ७॥ हा आकडा "सातशे अकरा" असा वाचला होता आणि ते फूट असावेत असं धरलं होतं. जुन्या लिहिण्यात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ७॥ म्हणजे साडेसात साखळ्या. तुमच्या कागदावरच्या रेघा त्याच असाव्यात. आकडे वाटेल तेवढे मोठे निघायला लागले, तर पहिला संशय या रेघांवर घ्या.

कागद मी टेबलावर पसरला नाही. घडी जिथे चिरली होती तिथे जोर पडू नये म्हणून तो तसाच अर्धवट उघडा ठेवला आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात बघितला. जुनी काळी शाई बहुधा लोखंडाची असते, ती विटून तपकिरी, मग पिवळट होते. अशी शाई निळ्या-जांभळ्या उजेडात पुन्हा काळी दिसायला लागते. दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तो दिवा अंधाऱ्या खोलीत धरला, तर कागद फिकट उजळतो आणि शाई गडद उरते. माझ्याकडे तसा एक दिवा आहे. तो कागदावर दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही, फोटो काढून घेतो आणि पुढचं वाचन फोटोवर करतो. तुम्हीही हेच करा. कागदाला पाणी, तेल, लिंबू काही लावू नका. प्लास्टिकमध्ये गरम करून बंद तर मुळीच करू नका, त्यातून तो परत निघत नाही.

त्या रात्री दिव्याखाली जवळजवळ सगळं उघडलं. पाया २० साखळ्या. डावीकडे एकच कोपरा, पायावर ८ साखळ्यांवर, लंब ७॥. उजवीकडे दोन कोपरे. पहिला ४ साखळ्यांवर, लंब ६. दुसरा १४ साखळ्यांवर, आणि त्याच्या लंबापाशी बरोबर घडी आलेली. दोन उभ्या रेघा स्वच्छ होत्या. त्यांच्या आधीच्या अंकाचं नुसतं शेपूट राहिलं होतं. ५॥ की ६॥?

ओढ्याने खाल्लेला कोपरा हाच. पाच म्हटलं तर तो पायाकडे एक साखळी आत येत होता, म्हणजे तेहेतीस फूट. तात्यांना सहा हवा होता, अप्पांना पाच. मला शेपटावरून काहीच ठरवता येईना. तासभर बघितल्यावर तर जो अंक मनात धरावा तोच दिसायला लागला. असं व्हायला लागलं, की डोळे बाजूला ठेवायचे.

मी हिशोब मांडला. डावीकडचा त्रिकोण : २० गुणिले साडेसात, त्याचं निम्मं, ७५ गुंठे. उजवीकडे तीन तुकडे. सुरुवातीचा त्रिकोण ४ गुणिले ६ चं निम्मं, १२ गुंठे. मधला पट्टा दहा साखळ्यांचा, त्याची एक बाजू ६ आणि दुसरी तो हरवलेला आकडा. शेवटचा त्रिकोण सहा साखळ्यांचा, पुन्हा त्याच आकड्यावर. सहा धरला की मधला पट्टा साडेबासष्ट आणि शेवटचा तुकडा साडेएकोणीस गुंठे होतो, आणि सगळं शेत १६९ गुंठे, ४ एकर ९ गुंठे. पाच धरला की १६१ गुंठे, ४ एकर १ गुंठा. आकड्यात एकाचा फरक, जमिनीत आठ गुंठ्यांचा.

म्हणजे शेताचं एकूण क्षेत्र दुसऱ्या कुठल्या कागदात शाबूत असेल, तर हरवलेला अंक आपोआप बाहेर येतो. मी विचारलं, "तात्या, क्षेत्र किती तुमचं?"

"चार एकर एक गुंठा. बापाच्या वेळेपासनं तेच भरतोय."

अप्पांच्या मुलाने मोबाइलवर उतारा बघितला. तोही म्हणाला, चार एकर एक गुंठा. मी कागदावर पेन्सिलीने ५॥ लिहिलं. तात्या काही बोलले नाहीत. अप्पा उठले, पण त्यांनाही आनंद झालेला दिसला नाही.

तेवढ्यात तात्यांच्या आई, ज्या इतका वेळ उंबऱ्यावर बसून होत्या, त्यांनी विचारलं, "मग गाडीवाट कुणाच्या नंबरात गेली रं? मी नवी नवरी आले ती त्या वाटेनंच. आमच्याच रानातनं होती ती."

ओढ्याच्या कडेने पूर्वी बैलगाडीची वाट होती, आता तिच्यावर ऊस होता. त्यांच्या प्रश्नाने मला जागं केलं. मी उतारा स्वतः बघितलाच नव्हता. ऐकलेल्या आकड्यावर भरवसा ठेवला होता. मोबाइल हातात घेतला. उतारा कन्नडमध्ये, आणि आपल्या बऱ्याच घरांत तो वाचणारं कुणी नसतं, त्यामुळे लोक ओळखीचा एकच आकडा शोधतात. पण क्षेत्राच्या रकान्यात एक आकडा नसतोच. आधी एकूण क्षेत्र, मग त्यातला पोटखराबा, अ आणि ब असा वेगळा, आणि शेवटी राहिलेलं लागवडीचं क्षेत्र. अ म्हणजे शेतातलंच पीक न येणारं, खडक वगैरे. ब म्हणजे रस्ता, ओढा, सार्वजनिक वापराचं. शेवटी होतं ४-१. त्याच्या आधी ब खराब ०-८. आणि एकूण ४-९. त्यातला नऊ मी दोनदा बघितला, कारण कन्नड सहा आणि नऊ घाईत एकसारखे दिसतात. पण ४-१ मध्ये ०-८ मिळवले की ४-९च येतात, ४-६ नव्हे. तिथे शंकेला जागा नव्हती.

मोजणीदाराने साखळी हद्दीच्या दगडांवरून टाकलेली असते. वाट आणि ओढा त्याच्या आत आले तर तेही मोजले जातात. म्हणून टिपणाचा हिशोब एकूण क्षेत्राशी जुळवायचा असतो, लागवडीच्या क्षेत्राशी नव्हे. इथे खराबा नेमका आठ गुंठे आणि अंकातल्या चुकीची किंमतही नेमकी आठ गुंठे, म्हणून चुकीचं उत्तर इतकं बिनचूक जुळलं. पेन्सिलीचा अंक मी तात्या-अप्पांच्या समोरच खोडला.

पण एकदा चुकल्यावर मला एकाच पुराव्यावर थांबायचं नव्हतं. शेजारच्या नंबराचं टिपण, म्हणजे अप्पांच्या शेताचं, याच बांधाला दुसऱ्या बाजूने मोजून गेलेलं असणार. मी अप्पांना त्याची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतून काढायला सांगितली. त्यांनी आढेवेढे न घेता काढली. स्वतःच्या विरुद्ध जाऊ शकणारा कागद माणूस स्वतः आणून देतो, याचं मोल मला मोठं वाटतं.

नक्कल येईपर्यंत कुठली बाजू तपासायची ते मी ठरवून ठेवलं. हरवलेल्या कोपऱ्याला दोन बांध येऊन मिळतात. पहिल्या कोपऱ्यापासून इथवरचा बांध काढला तर लंब पाच धरा की सहा, लांबी दहा साखळ्यांच्या किंचित वरच येते. कारण पहिला लंब ६, आणि साडेपाच व साडेसहा हे त्याच्यापासून सारखेच दूर. ती बाजू जुळली तरी तिने काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळ लोक इथे फसतात, एक बाजू जुळली की हुरळतात. दुसरा बांध मात्र बोलका होता. या कोपऱ्यापासून पायाच्या शेवटच्या दगडापर्यंत पायावर सहा साखळ्या उरतात. सहाचा वर्ग आणि लंबाचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, की साडेसहाला सुमारे २९२ फूट येतात आणि साडेपाचला २६९. तेवीस फुटांचा फरक कुठल्याही टेपवर दिसतो.

अप्पांच्या टिपणावर त्या बाजूला स्वच्छ लिहिलं होतं : ८ साखळ्या १४ आणे. म्हणजे २९३ फूट. एक फूट इकडेतिकडे होणारच, साखळीच्या एका आण्यातच दोन फूट असतात.

इथे तुमच्यासाठी थोडं थांबतो. क्षेत्रावरून अंक काढायची युक्ती एकच अंक गेला असेल तरच चालते. दोन गेले असतील तर एका क्षेत्रात बसणाऱ्या अनेक जोड्या निघतात, मग शेजारच्या टिपणाशिवाय गत्यंतर नाही. आणि हिशोबाचं उत्तर पाव-अर्ध्याच्या जवळ न येता भलतंच काही आलं, तर तीन गोष्टी बघा. एखादा लंब डावीकडचा असून उजवीकडे धरला का. नंबराचे नंतर हिस्से पडले का, कारण मग उताऱ्यावर तुमच्या हिश्श्याचंच क्षेत्र असेल आणि टिपण अख्ख्या नंबराचं. आणि कागदावरचा नंबर तोच आहे का. आपल्याकडे उताऱ्यावर, खरेदीखतावर रि. स. नं. लिहितात तो फेरमोजणीचा नंबर. त्याआधीचा जुना नंबर वेगळा असू शकतो. भलत्याच शेताचं टिपण घेऊन महिनाभर भांडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बांध कळेल का. मोजणी झाली तेव्हा हद्द कुठे होती ते कळेल. जमीन कुणाची, मध्यंतरी खरेदी-वाटणी काय झाली, कोण किती वर्षं कसतोय, हे टिपण सांगत नाही. आणि माझ्यासारख्याने केलेलं वाचन कचेरीत चालत नाही, चालूही नये. कर्नाटकात त्यासाठी हद्दबस्ताचा अर्ज करावा लागतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, सरकारी सर्व्हेअर येऊन मूळ नोंदीवरून मोजतो आणि खुणा दाखवतो. आपल्या वाचनाचा फायदा एवढाच, की त्या दिवशी सर्व्हेअर काय करतोय ते दोन्ही बाजूंना समजतं आणि तो कुठल्या दगडापासून निघाला हे विचारता येतं. ते नक्की विचारा. हललेल्या दगडापासून काढलेली मोजणी तेवढीच हललेली निघते. सुरुवातीला दोन शाबूत दगडांमधलं अंतर टिपणाशी जुळवून घ्या म्हणावं.

तात्या आणि अप्पांनी अर्ज एकत्र केला. मोजणीच्या दिवशी मीही गेलो. सर्व्हेअरने आधी पायाचे दोन दगड तपासले, वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, तिथे फूटभराच्या आतच फरक निघाला. मग त्याच्या यंत्राने जी जागा दाखवली ती ओढ्याच्या गाळात होती, अप्पांच्या उसाच्या सरीपलीकडे. अप्पांच्या मुलाने पहार घेतली. चार-पाच ठिकाणी नुसती रुतली. सहाव्यांदा खण्ण वाजली. हातभर गाळाखाली दगड आडवा पडला होता, एका बाजूला घडलेला. पुराने तो ढकलला होता, पण फार दूर नेला नव्हता. सर्व्हेअरने दाखवलेल्या खुणेपासून दीड फुटावर.

हद्द तात्यांच्या बाजूने लागली, पण आठ गुंठे काही तात्यांचे झाले नाहीत. ते ब खराब्यात, म्हणजे वाटेचे आणि ओढ्याचे. त्यावर तात्यांना नांगर घालता येणार नव्हता आणि अप्पांना ऊस ठेवता येणार नव्हता. हे सर्व्हेअरने दोघांना कन्नडमध्ये सांगितलं, मी मराठीत परत सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अप्पा मुलाला म्हणाले, "तोड झाली की खोडवा ठेवू नको. वाटेपुरतं मोकळं करून टाक."

फेब्रुवारीत तोड झाली. तात्यांच्या आईंना त्या वाटेने एकदा चालत जायचं होतं. अप्पांच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवरून ओढ्यापर्यंत नेलं, तिथून त्या काठी टेकत दगडापर्यंत गेल्या.

तुम्ही असं करा. कागद तसाच ठेवा, फोटो काढा, उताऱ्याचा क्षेत्राचा रकाना पूर्ण उतरवून घ्या, आणि शेजाऱ्याच्या टिपणाची नक्कल काढायला शेजाऱ्यालाच विचारा. नाही म्हणाला तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.